न आलेल्या ऑर्डरी कशा मोजायच्या?

ऑनलाइन दुकान पूर्ण बंद पडलं तर ते ओळखायला गणित लागत नाही. पान उघडत नाही आणि दहा मिनिटांत फोन वाजू लागतात. खरा त्रास देतो तो अर्धवट बिघाड. दुकान सुरू असतं, ऑर्डरीही येत असतात, पण काही ग्राहकांना शेवटच्या पायरीवर पैसेच भरता येत नाहीत. त्यातले फार थोडे तक्रार करतात. बाकीचे पान बंद करतात आणि दुसरीकडे खरेदी करतात. ऑर्डरींच्या तक्त्यात जे घडलं त्याची नोंद असते, जे घडायचं राहून गेलं त्याची नसते. म्हणून हा तोटा पकडायचा तर आधी ‘आज किती यायला हव्या होत्या’ हे ठरवावं लागतं.

हा अंदाज कालच्या आकड्यावरून बांधणं चुकीचं, कारण बहुतेक दुकानांच्या विक्रीला आठवड्याची चाल असते. रविवार आणि सोमवार यांची तुलना केली तर दर सोमवारी धोक्याची घंटा वाजेल आणि महिनाभरात तिच्याकडे कोणी बघणार नाही. मंगळवारची तुलना मंगळवारशीच करायची. शिवाय सुरुवात रकमेपासून न करता ऑर्डरींच्या संख्येपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. एखादी घाऊक खरेदी दिवसाची रक्कम एकटीच वर ओढते आणि तिच्याखाली शंभर बुडालेल्या ऑर्डरी दिसेनाशा होतात. रकमेवर वेगळी नजर ठेवायची ती दुसऱ्या जातीच्या चुकांसाठी, उदाहरणार्थ सवलत दोनदा वजा होत असेल तर. तिथे संख्या नेहमीसारखी राहते, रक्कम मात्र घसरते.

आता एक काल्पनिक दुकान घेऊ. मागच्या सात मंगळवारी तिथे अशा ऑर्डरी आल्या: ११८०, १२४०, ११०५, १२९०, १२१०, १९६०, ११५०. यातला १९६० हा सेलचा दिवस. या आकड्यांची सरासरी १३०५ येते आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप, २९५. वॉल्टर श्युहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यातल्या मालाची गुणवत्ता तपासण्यासाठी नियंत्रण आलेख मांडला. सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांच्या पलीकडे गेलेला आकडा संशयास्पद धरायचा, ही रीत तिथूनच रुळली. इथे ती तशीच लावली तर खालची मर्यादा १३०५ मधून ८८५ वजा जाता ४२० येते. म्हणजे दुकानाचा दोन तृतीयांश धंदा बुडेपर्यंत घंटा गप्प राहील. एका सेलने सरासरी फुगवली आणि विचलन त्याहून जास्त फुगवलं.

यावर जुना आणि सोपा उपाय मध्यकाचा आहे. सातही आकडे चढत्या क्रमाने लावले की मधला येतो १२१०. मग प्रत्येक आकडा त्याच्यापासून किती लांब आहे ते काढायचं आणि त्या अंतरांचाही मध्यक घ्यायचा. तो येतो ६०. त्याला १.४८२६ ने गुणलं की प्रमाण विचलनाशी तुलना करता येण्याजोगा आकडा मिळतो, सुमारे ८९. आता तीन पट खालची मर्यादा ९४३ होते. सेलचा दिवस यादीतून काढावाही लागला नाही. तो एका टोकाला उभा राहिला आणि मधल्या आकड्याला त्याचा धक्का लागला नाही.

एवढं केल्यावर काम झालं असं वाटतं, आणि नेमकी इथेच गफलत होते. आठव्या मंगळवारी दुपारी ३ वाजता ॲपची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात वॉलेटने पैसे भरायचं बटण निकामी झालं, असं समजू. दाबलं तरी काहीच होत नाही. या दुकानात १८ टक्के ऑर्डरी ॲपमधल्या वॉलेटने येतात, म्हणजे दिवसाला साधारण २१८. दुपारी ३ नंतर दिवसाच्या ६० टक्के ऑर्डरी येतात, तेव्हा फटका बसला सुमारे १३१ ऑर्डरींना. त्यातल्या ५० ग्राहकांनी कार्ड काढून काम भागवलं. उरलेल्या ८१ ऑर्डरी गेल्या. दिवसाची बेरीज झाली ११२९.

ती ९४३ च्या कितीतरी वर आहे. इतकंच काय, काहीही बिघडलेलं नसताना एका मंगळवारी ११०५ आल्या होत्या, त्याहूनही हा आकडा जास्त आहे. दिवसभराच्या बेरजेवर कितीही चलाख सूत्र लावलं तरी हा बिघाड तिच्यात दिसणार नाही, कारण तो तिथे रोजच्या चढउतारात मिसळून गेला आहे.

म्हणून बेरीज फोडायची: पैसे भरण्याच्या पद्धतीनुसार आणि तासानुसार. दुपारी ३ ते ४ या तासात वॉलेटच्या साधारण १३ ऑर्डरी अपेक्षित होत्या. आल्या शून्य. हे शून्य किती गंभीर घ्यायचं, याचं उत्तर प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वितरणातून मिळतं. घटना एकमेकींवर अवलंबून नसतील आणि ठरावीक काळात सरासरी m वेळा घडत असतील, तर त्या काळात एकही न घडण्याची शक्यता `e^(-m)` असते.

हे सूत्र प्रत्यक्षात किती जुळतं याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. लाडिस्लाउस बोर्टकिएविच यांनी १८९८ मध्ये प्रशियाच्या घोडदळातल्या, घोड्याची लाथ बसून झालेल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. दहा दलं आणि वीस वर्षं, अशा २०० नोंदींत सरासरी ०.६१ मृत्यू होते. सूत्राप्रमाणे १०९ च्या आसपास नोंदी शून्याच्या असायला हव्यात. प्रत्यक्षात होत्या १०९. तिथे शून्य ही अगदी नेहमीची गोष्ट होती, कारण अपेक्षाच एकाहून कमी होती.

आपल्या दुकानात अपेक्षा १३ ची आहे. `e^(-13)` म्हणजे दहा लाखांत दोन-तीन इतकी शक्यता. या शून्याला योगायोग म्हणता येणार नाही. दिवसाच्या बेरजेत जे अजिबात दिसत नव्हतं, ते एका बारीक फोडीत तासाभरात ठळक दिसतं.

मग तासभर तरी का थांबायचं? अर्ध्या तासात अपेक्षा साडेसहाची, आणि शून्याची शक्यता हजारात दीड. ऐकायला ही फारच कमी वाटते. पण अशा ४० फोडी दर अर्ध्या तासाला तपासल्या तर दिवसाला १९२० तपासण्या होतात, आणि सगळं सुरळीत असतानाही रोज जवळपास तीन खोट्या घंटा वाजतात. म्हणून मर्यादा कडक लागते. दहा लाखांत एक ही पातळी हवी असेल तर अपेक्षा १४ च्या जवळ पोचेपर्यंत थांबावं लागतं. वाट किती पाहायची हे त्या फोडीची वर्दळ ठरवते. तासाला दोनच ऑर्डरी देणाऱ्या पद्धतीसाठी तेवढी खात्री व्हायला सात तास जातात. तिथे घाई करून उपयोग नाही. शिवाय खरे ग्राहक या सूत्राइतके शिस्तीत येत नाहीत आणि १३ हा आकडाही आपला अंदाजच असतो. त्यामुळे प्रत्यक्षात खोट्या घंटा हिशेबापेक्षा जास्तच वाजतात.

एक बारीक अडचण मात्र भल्याभल्यांना चकवते. तासानुसार ऑर्डरी मोजणारी साधी क्वेरी लिहिली तर ज्या तासात एकही ऑर्डर नाही त्या तासाची ओळच निघत नाही. शून्य येतच नाही, मग त्याची तपासणी होणार कशी? बिघाड जितका पूर्ण, तितकी घंटा शांत. म्हणून तासांचा वेगळा तक्ता ठेवून त्याला ऑर्डरी जोडाव्या लागतात:

```sql
SELECT h.hour, COUNT(o.id) AS orders
FROM hours h
LEFT JOIN orders o
  ON o.hour = h.hour
  AND o.method = 'wallet'
GROUP BY h.hour;
```

यात वॉलेटची अट `ON` मध्येच हवी. ती `WHERE` मध्ये गेली की रिकामे तास पुन्हा गळतात. आणि `COUNT(o.id)` ऐवजी `COUNT(*)` लिहिलं तर रिकाम्या तासापुढे शून्याच्या जागी १ येतो.

पूर्ण शून्य पकडणं त्या मानाने सोपं. निम्मीच पेमेंट फसत असतील तर १३ च्या जागी ६ येतील, आणि सहा किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता शंभरात अडीचच्या घरात आहे. एवढ्यावर कोणाला झोपेतून उठवता येत नाही. अशा वेळी ऑर्डरींकडे बघत बसण्यापेक्षा त्यांच्या आधीच्या पायऱ्या बघाव्यात: किती जण पैसे भरण्याच्या पानावर पोचले, किती प्रयत्न झाले, त्यातले किती यशस्वी झाले. प्रयत्नांमधलं यशाचं प्रमाण गर्दी कमी-जास्त झाली तरी फारसं हलत नाही, म्हणून ते लवकर बोलतं.

या पायऱ्यांवरून कारणही ओळखता येतं, आणि मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. मुळात ग्राहकच कमी आले असतील तर सगळ्या पायऱ्या सारख्याच प्रमाणात खाली येतात. बटण निकामी असेल तर पानावर पोचणारे नेहमीइतके असतात, प्रयत्न मात्र आटतात. पैसे वळते करणारी गेटवे सेवा पडली असेल तर चित्र उलटं होतं: लोक पुन्हा पुन्हा बटण दाबतात, प्रयत्न वाढतात आणि यश घसरतं. आपल्या उदाहरणात आणखी एक साक्ष आहे. वॉलेट थंडावलं त्याच वेळी कार्डाच्या ऑर्डरी तासाला पाच-सहांनी वाढल्या. शेजारच्या खिडकीवर रांग वाढली, म्हणजे माणसं आली होती. नोंदी उशिरा पोचत असत्या तर वॉलेटबरोबर कार्डही थंडावलेलं दिसलं असतं.

एका बिघाडाला मात्र ही खूण पुरत नाही. ग्राहकाचे पैसे कापले जातात, पण ते मिळाल्याचा निरोप दुकानाच्या सर्व्हरपर्यंत येत नाही आणि ऑर्डर तयारच होत नाही. दुकानाच्या तक्त्यात ही घसरण बाकीच्यांसारखीच दिसते. पैसे भरून रिकाम्या हाताने बसलेल्या माणसासाठी ती फार वेगळी असते. ती ओळखायला गेटवेच्या नोंदी आणि ऑर्डरींचा तक्ता समोरासमोर ठेवून व्यवहार क्रमांक एकेक करून जुळवावे लागतात. जे क्रमांक फक्त गेटवेकडे सापडतात, त्यांची ऑर्डर करून द्यायची किंवा पैसे परत करायचे, आणि हे त्यांचा फोन येण्याआधी करायचं.