आठ तास खुर्चीचे

माझी एक मैत्रीण योग शिकवते. पुण्यात आयटी कंपन्यांच्या गर्दीत तिने एक गाळा भाड्याने घेतला, संध्याकाळी सात ते आठ असा वर्ग ठरवला आणि पाटीचा मजकूर मला पाठवून दिला: 'पाठदुखीला कायमचा रामराम!' मी फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना शिकवते, त्यामुळे मी खूश होईन असं तिला वाटलं असावं. मी कळवलं, 'कायमचा' काढ. तिने काढला. मग म्हटलं, 'रामराम'ही काढ. त्यावर तिचा फोनच आला. "मग उरलं काय? नुसती पाठदुखी?"

तीही काढ, असं मी म्हटलं. कारण तिच्याकडे येणारे लोक काय बोलतात, ते तिनेच मला सांगितलं होतं. 'दुखतंय' असं म्हणणारे थोडे. बहुतेकांची तक्रार असते, "पाठ आखडलीय." मराठीत उसण भरते, लचक भरते, पाठ धरते, आणि पाठ आखडते. पहिल्या तिन्हींमध्ये घटना असते. वाकून बादली उचलली आणि कळ आली. आखडण्यात घटना नसते. दुपारचे चार वाजतात, माणूस खुर्चीतून उठतो, पहिली चार पावलं म्हाताऱ्यासारखी टाकतो आणि मग नीट चालू लागतो. पाटी लिहायची ती या माणसासाठी. तेव्हा आखडलेल्या पाठीत नेमकं काय झालेलं असतं, हे आधी पाहायला हवं.

सरळ उत्तर असं वाटतं की बसून बसून पाठ कडक झाली. मोजायला गेलं की ते इतकं सरळ राहत नाही. 1992 साली कॅनडात स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्याने माणसांना वीस मिनिटं पाठ पूर्ण पुढे वाकवून बसवलं. त्यानंतर त्यांची पाठ पुढे वाकण्यात कमी नव्हे, साधारण साडेपाच अंशांनी जास्त जाऊ लागली. मणक्यांमागचे अस्थिबंध हळूहळू ताणले गेले होते. वजन लटकवलेली दोरी तासाभरात जशी थोडी लांबते, तसंच. उठल्यावर दोन मिनिटांत हा ताण निम्मा ओसरला, उरलेला ओसरायला मात्र बराच जास्त वेळ लागला. म्हणजे पोक काढून बसलेला माणूस उठताना 'आखडलो' म्हणतो, तेव्हा त्याची पाठ त्या एका दिशेने उलट सैल झालेली असू शकते. नंतर दुसऱ्या एका गटाने ऑफिससारखं तासन् तास बसवून मोजलं, तेव्हा पुरुषांचा कणा तासाभरात थोडा ताठर झालेला दिसला आणि स्त्रियांचे आकडे एकमेकींशी जुळेनात. मग 'मणके मोकळे करा' असं पाटीवर लिहायचं कशाच्या आधारावर? कुणाचे मणके, कुठल्या दिशेने बंद होते?

याहून मजेदार प्रयोग ऑस्ट्रेलियातला आहे. टाशा स्टँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2017 साली प्रसिद्ध केला. पाठ सतत आखडलेली वाटते असे लोक त्यांनी घेतले आणि तुलनेला तसं न वाटणारेही घेतले. पालथं झोपवून यंत्राने मणक्यावर ठरावीक दाब दिला, आणि पाठ किती दबते ते मोजलं. ज्यांना आखडल्यासारखं वाटत होतं त्यांच्या पाठी खरोखर जास्त कडक असायला हव्या होत्या. त्या तशा नव्हत्या. 'किती आखडलंय' हे सांगणं आणि यंत्राचं मोजमाप यांचा मेळच बसला नाही. फरक दुसरीकडे सापडला: या लोकांना दाब प्रत्यक्षात होता त्यापेक्षा जास्त वाटत होता. मग संशोधकांनी दाबाच्या तालावर आवाज ऐकवले. बिजागरीला तेल नसलेलं दार करकरतं तसा एक आवाज होता. आवाज बदलला की दाबाचा अंदाजही बदलायचा. पाठ तीच, यंत्र तेच.

यावरून 'हे सगळं मनाचे खेळ आहेत' असा अर्थ काढू नका. तसं म्हटलेलं रुग्णांना लागतं, आणि ते खरंही नाही. आखडणं ही जाणीव आहे, तहान लागण्यासारखी. स्नायू, सांधे, त्वचा यांच्याकडून आलेले निरोप आणि मागचा अनुभव यांतून मेंदू ती तयार करतो, आणि बहुधा जपून हालचाल कर एवढंच त्याला सांगायचं असतं. पाठीतून कडकपणा काढून टाकतो, असं म्हणणारी पाटी मात्र जी वस्तू तिथे सापडलीच नाही ती काढायचं आश्वासन देते.

मैत्रिणीचा दुसरा मसुदा आला: 'पाठ लवचिक, दिवस हलका.' कानाला बरा होता. पण 'लवचिक' म्हणजे स्नायू लांब झाले, असं वाचणारा समजतो. कोपनहेगनमध्ये पीटर मॅग्नसन यांच्या गटाने 1996 साली मांडीच्या मागच्या स्नायूंवर हे तपासलं. सुमारे तीन आठवडे रोज एकाच पायाचे स्नायू ताणायचे आणि दुसरा पाय तुलनेला ठेवायचा. ताणलेला पाय पूर्वीपेक्षा वर जाऊ लागला, यात शंका नव्हती. पण पूर्वीच्याच कोनात स्नायूचा विरोध मोजला तर तो जसाच्या तसा. स्नायू बदलला नव्हता, 'आता पुरे' हे ती माणसं थोडं उशिरा म्हणू लागली होती. निदान काही आठवड्यांच्या सरावात मुख्य बदल हा असतो: ताण सोसायची सवय वाढते. पश्चिमोत्तानासनात बोटं पावलांना टेकली की आपण स्नायू लांब केल्याच्या थाटात मागे बघतो, म्हणून हे सांगितलं. पाय हलका वाटणं खरंच आहे. कारण वेगळं आहे.

"पण लोकांना बरं वाटतं ना? मी डोळ्यांनी बघते," ती म्हणाली. वाटतं. दीर्घकाळच्या कंबरदुखीवर योगाच्या 21 चाचण्या आणि दोन हजारांवर माणसं एकत्र धरून कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने 2022 साली आढावा घेतला. व्यायाम न करणाऱ्यांशी तुलना केली तर तीन महिन्यांनी योग करणाऱ्यांचं दुखणं शंभरपैकी साडेचार गुणांनी कमी निघालं. माणसाला स्वतःला जाणवेल असा फरक म्हणून तिथे 15 गुणांची रेघ धरली होती. पाठीच्या इतर व्यायामांशी तुलना केली, तर वाकण्या-उठण्या-चालण्यात फारसा फरक दिसलाच नाही. योगाची ही निंदा नव्हे. चालणं, पोहणं, व्यायामशाळा यांच्या रांगेत तो सन्मानाने बसतो. पण या आकड्यांवर 'रामबाण' हा शब्द उभा राहत नाही. आणि डोळ्यांनी बघण्याचं म्हणाल तर माणूस योगवर्गाला नाव घालतो ते पाठ सगळ्यात वाईट असते त्या आठवड्यात. नव्याने सुरू झालेली बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप उतरते. तो उतार वर्गात पडतो आणि श्रेय भुजंगासनाला मिळतं.

इथवर तिला माझं बोलणं पंतोजीचं वाटत होतं. पुढच्या गोष्टीने मात्र ती गप्प झाली.

समजा, 29 वर्षांचा एक मुलगा पाटी वाचून वर्गात येतो. पाठ आखडते, म्हणतो. कधी? सकाळी. उठल्यावर अर्धा-पाऊण तास वाकवत नाही, मोजे घालताना त्रास होतो. पहाटे तीन-चारला पाठीमुळे जाग येते आणि घरात फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. सुट्टीच्या दिवशी लोळून राहिलं तर जास्त. असं वर्षभर चाललंय, कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाही. ही खुर्चीची पाठ नव्हे. खुर्चीची पाठ बसल्यावर आखडते आणि चार-पाच मिनिटांत सुटते. या मुलाच्या वर्णनावरून कण्याच्या सांध्यांना येणाऱ्या एका सुजेची शंका घ्यायला हवी. त्या आजाराला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात. तो बहुधा तरुणपणी सुरू होतो, आणि त्याचं निदान व्हायला अनेकांची वर्षं जातात.

खरी मेख पुढे आहे. हा आजार विश्रांतीने वाढतो आणि हालचालीने हलका होतो. म्हणजे योगवर्गात त्या मुलाला बरं वाटणार, चांगलंच बरं वाटणार. पाटीवर 'पाठ बरी होते' असं लिहिलेलं असेल तर त्याच्या दृष्टीने पाटी खरी ठरली. तो दोन वर्षं मनापासून येत राहील, सूज आत आपलं काम करत राहील, आणि संधिवाततज्ज्ञाकडे जायचं त्याला सुचणारही नाही. व्यायाम त्या आजारातही हवाच असतो, पण निदानानंतर, औषधांच्या जोडीला. बरं करण्याचा दावा न फळलेल्या माणसापेक्षा फळल्यासारखा वाटलेल्या माणसाला इथे जास्त महागात पडतो.

तिने विचारलं, "खाली बारीक अक्षरात 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' लिहू का?" वर मोठ्या अक्षरात दिशाभूल करायची आणि खाली बारीक अक्षरात ती दुरुस्त करायची, ही सोय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांनीही नाकारली आहे. वरची ओळच नीट हवी. डॉक्टरांचं वाक्य पाटीवर नको, नाव नोंदवण्याच्या कागदावर असू दे, प्रश्नांच्या रूपात: सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाठ आखडलेली राहते का? पायात मुंग्या येतात, ताकद कमी झालीय? लघवी-शौचावरचा ताबा किंवा बैठकीच्या जागेची संवेदना बदललीय? ताप येतो, वजन उतरतंय? यांतल्या एकालाही 'हो' आलं की आधी दवाखाना, मग चटई. तिसऱ्या प्रश्नाला 'हो' असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

मग पाटीवर काय लिहायचं? क्रियापदं एकेक करून गळाली होती. 'बरी होते', 'मोकळी होते', 'सुधारते', सगळ्यांत पाठीचं पुढे काय होणार याचं भाकीत होतं. आम्ही भाकीत सोडलं आणि तिच्या हातात खरोखर काय आहे ते शोधलं. तिच्या हातात जागा होती, शिकवणं होतं आणि वेळ होता. रात्री साडेदहाला तिनेच ओळ पाठवली:

'आठ तास खुर्चीचे. एक तास पाठीचा.'

यात क्रियापदच नाही. पाठीला त्या तासात काय मिळेल ते सांगितलेलं नाही, पण चार वाजता खुर्चीतून उठलेल्या माणसाला आपल्याबद्दल बोलताहेत हे लगेच कळतं. 'पाठीला' लिहावं की 'पाठीचा' यावर आम्ही थोडं भांडलो. 'पाठीला' म्हटलं की काहीतरी औषध दिल्यासारखं वाटतं. 'पाठीचा'मध्ये तो तास नुसता तिच्या मालकीचा होतो. 'पाठीचा' राहिलं. या ओळीत तपासण्याजोगा दावा एकच उरला, एक तास. मी तो तपासला. पहिल्याच आठवड्यात वर्गाला गेले तर ट्रॅफिकमध्ये अडकलेले लोक सव्वासातपर्यंत येत होते, आणि शेवटची पाच मिनिटं फीच्या पावत्यांत गेली. घड्याळात चाळीस मिनिटं भरली.

तिला सांगितलं तर चिडली. पण पाटी रंगवून झाली होती, म्हणून वेळापत्रक बदललं. आता वर्ग सव्वासातला सुरू होतो, दार तेव्हाच बंद होतं, आणि पावत्या सव्वाआठनंतर, चपला घालताना.