पोलराइज्ड म्हणजे यूव्ही संरक्षण आलंच का?

“गॉगलच्या माहितीत ‘पोलराइज्ड’ लिहिलंय, मग यूव्ही वेगळं कशाला बघायचं?”

बघायलाच हवं. पोलराइज्ड थर पाणी, रस्ता, गाडीची काच अशा आडव्या पृष्ठभागांवरून येणारी चकाकी कापतो. अतिनील किरण अडवायचं काम लेन्सच्या मटेरियलचं किंवा त्यातल्या वेगळ्या शोषकाचं. म्हणून ‘यूव्ही ४००’ हा शब्द स्वतंत्रपणे लिहिलेला हवा. त्याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. नुसतं ‘यूव्ही प्रोटेक्शन’ म्हटलं तर किती, हे कळत नाही.

लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनसमोर गॉगल हळूहळू फिरवून पाहा. एखाद्या कोनात स्क्रीन काळी पडली तर लेन्स पोलराइज्ड आहे, एवढंच सिद्ध होतं. यूव्हीची खात्री चष्म्याच्या दुकानातल्या यूव्ही मीटरवरच होते.

गडद रंगही फसवा. लेन्सच्या गडदपणाची ‘कॅटेगरी ३’ म्हणजे ८ ते १८ टक्के दृश्य प्रकाश आत येतो. हा आकडा अतिनील किरणांचा नव्हे. उलट गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि लेन्स यूव्ही अडवत नसेल तर जास्त किरण आत जाऊ शकतात.

मापाचंही तसंच. काडीवरच्या ‘५५-१८-१४०’ मधले १४० मिलिमीटर पुष्कळजण फ्रेमची रुंदी समजतात. ती काडीची लांबी. ५५ एका लेन्सची रुंदी, १८ नाकावरचा पूल. फ्रेमची रुंदी समोरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजतात आणि ती वेगळी लिहावी लागते. फ्रेम अरुंद निघाली तर कडेने ऊन शिरतं, लेन्स कितीही चांगली असो.