ड्राय सिरप: पाणी मिसळणे, हलवणे आणि साठवणे

ड्राय सिरप म्हणजे लहान मुलांसाठी बाटलीत कोरड्या पावडरीच्या रूपात मिळणारे आणि घरी पाणी घालून पातळ करायचे अँटिबायोटिक. अमॉक्सिसिलिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट, सेफिक्झिम, अझिथ्रोमायसिन अशी बरीच औषधे या स्वरूपात येतात. ती आधीच पातळ करून विकत नाहीत, कारण पाण्यात ती फार दिवस टिकत नाहीत. अमॉक्सिसिलिनच्या रेणूतील ज्या कड्यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो, ते कडे पाण्याच्या संपर्कात हळूहळू तुटत जाते. कोरडी पावडर महिनोन्‌महिने चांगली राहते. पाणी पडले की तिचे आयुष्य दिवसांवर येते.

पाणी उकळून पूर्ण गार केलेले असावे. ते खळखळून उकळू द्यावे, झाकून ठेवावे आणि भांडे हाताला अजिबात कोमट लागत नाही तोवर थांबावे. उकळल्याने पाण्यातले जंतू मरतात. गरम पाणी मात्र घालू नये, त्याने औषध लवकर बिघडते. काही पॅकमध्ये निर्जंतुक पाण्याची छोटी बाटली सोबत असते. तसे असेल तर तेच पाणी वापरावे, वेगळे पाणी उकळायची गरज नाही.

पाणी घालण्याआधी बंद बाटली उलटी धरून तळहातावर दोन-चारदा आपटावी, म्हणजे बुडाशी घट्ट बसलेली पावडर सुटी होते. हे केले नाही, तर पाणी वरच राहते आणि खाली कोरडा गोळा उरतो. आपटूनही न फुटणारा दगडासारखा खडा आत असेल किंवा बाटलीचे सील आधीच उघडलेले असेल, तर दमट हवा आत गेली असण्याची शक्यता आहे. अशी बाटली न वापरता बदलून घ्यावी.

सर्वांत जास्त चूक होते ती पाण्याच्या मापात. बाटलीवर रेघ किंवा बाण असतो, आणि ३० मिलीच्या बाटलीवर ‘३० मिली’ असेही छापलेले असते. हा आकडा वाचून अनेक पालक ३० मिली पाणी मोजून ओततात. पण ३० मिली हे पाण्याचे माप नाही, तयार औषधाचे आहे. पावडरही जागा व्यापते, म्हणून पाणी त्याहून कमी लागते. रेघ असेल तेथे पाणी रेघेपर्यंत भरायचे, आणि तेही एकदम नाही. आधी रेघेच्या बऱ्यापैकी खाली थांबावे, झाकण घट्ट लावून जोरात हलवावे, मग फेस बसेपर्यंत बाटली सपाट जागेवर ठेवावी. फेस ओसरला की पातळी खाली आलेली दिसते. आता थोडे थोडे पाणी घालून पातळी डोळ्यासमोर धरून रेघेला टेकवावी आणि पुन्हा हलवावे. वेष्टनावर ‘इतके मिली पाणी घाला’ असे स्पष्ट लिहिले असेल, तर तेवढेच पाणी सिरिंजने किंवा मापाच्या टोपीने मोजून घालावे.

यात चूक झाली तर किती फरक पडतो, ते एका बाटलीच्या हिशेबाने पाहू. ५ मिलीत १२५ मिग्रॅ अमॉक्सिसिलिन असणारी ३० मिलीची बाटली घेतली, तर आत एकूण ७५० मिग्रॅ औषध आहे. पूर्ण ३० मिली पाणी ओतल्यामुळे तयार औषध समजा ३६ मिली झाले. औषध तेच ७५० मिग्रॅ, पण आता ते जास्त पाण्यात पसरले. ५ मिलीच्या डोसात सुमारे १०४ मिग्रॅच जाईल. उलट फेसालाच पातळी समजून रेघेपर्यंत भरले आणि फेस बसल्यावर खरे औषध २६ मिलीच निघाले, तर त्याच ५ मिलीत सुमारे १४४ मिग्रॅ जाईल. दोन्ही वेळी पालकांनी डोस तर बरोबर मोजला, पण मुलाला वेगळेच प्रमाण मिळाले. चूक मिसळताना झाल्यामुळे नंतर कितीही काळजी घेतली तरी ती भरून निघत नाही. रेघेच्या वर पाणी गेले असेल, तर वरचे ओतून काढू नये, त्याबरोबर औषधही जाते. औषध देण्याआधी डॉक्टर किंवा फार्मासिस्ट यांना विचारावे. बहुधा नवी बाटलीच घ्यावी लागते.

हलवण्याचे कारण असे की यातली बरीच औषधे पाण्यात साखरेसारखी विरघळत नाहीत, त्यांचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. बाटली उभी राहिली की बुडाशी साका बसतो. न हलवता दिले, तर पहिल्या दिवसांत वरचे पातळ पाणी पोटात जाते, म्हणजे आजार भरात असतानाच औषध कमी पडते. शेवटच्या डोसांत उरलेला दाट साका एकदम जातो. म्हणून प्रत्येक डोसापूर्वी बाटली उलटसुलट करून चांगली हलवावी आणि उजेडात तिरकी धरून बुडाकडे पाहावे. तेथे पांढरा थर दिसला, तर अजून हलवावे. औषध मोजायला पॅकमधली टोपी किंवा तोंडाने औषध देण्याची सिरिंज घ्यावी. घरातल्या चमच्यांची मापे एकसारखी नसतात.

किती दिवस आणि कुठे ठेवायचे, हे औषधाप्रमाणे बदलते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेटमधला क्लॅव्ह्युलेनेट हा भाग पाण्यात विशेष नाजूक असतो. ते औषध फ्रिजमध्येच ठेवतात आणि साधारण ७ दिवसांत संपवतात. पांढरट दिसणारे हे औषध गडद पिवळे किंवा तपकिरी झाले, तर ते बिघडले असे समजावे. क्लॅरिथ्रोमायसिनचे मात्र उलट आहे. फ्रिजमध्ये ते दाट होते, म्हणून बाहेर ठेवायला सांगतात. सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही, वेष्टनावर जे लिहिले असेल तेच खरे. फ्रिजमध्ये ठेवायचे असेल तर दाराच्या कप्प्यात नको, तेथे दार उघडताना गरम हवा लागते. आतल्या फळीवर, मुलाचा हात पोचणार नाही असे ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात गोठवू नये.

बाटलीवर छापलेली मुदत न उघडलेल्या कोरड्या पावडरीची असते. पाणी घातल्यापासून वेगळी मुदत सुरू होते, म्हणून मिसळल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहावी. डॉक्टरांनी एकाच औषधाच्या दोन-तीन बाटल्या दिल्या असतील, तर सगळ्या एकदम भिजवू नयेत. ५ मिली दिवसातून तीनदा, पाच दिवस असा डोस असेल तर एकूण ७५ मिली लागतात, म्हणजे ३० मिलीच्या तीन बाटल्या. एक बाटली दोन दिवस पुरते. ती संपली की दुसरी तयार करावी. पाच दिवसांनी तिसऱ्या बाटलीत १५ मिली उरतील. ते पुढच्या तापासाठी किंवा धाकट्या भावंडासाठी ठेवू नयेत, कारण तो आजार वेगळा असू शकतो आणि तोवर बाटलीतल्या औषधाची ताकदही गेलेली असते.