दर एकाला निवडतो, रक्कम दुसऱ्याला : आयआरआर आणि एनपीव्हीच्या मतभेदामागचा इतिहास

वाणिज्य शाखेच्या आणि सीएच्या प्रश्नपत्रिकेत एक गणित अनेक वर्षांपासून येतं आहे. दोन प्रकल्प, दोघांना लागणारं भांडवल सारखंच, पुढच्या काही वर्षांचे रोखप्रवाह दिलेले, आणि सोबत 0.909, 0.826, 0.751 असे, पुढचा रुपया आज किती मोलाचा ते सांगणारे, तीन दशांश स्थळांपर्यंतचे वटाव गुणक. पुढच्या रोखप्रवाहांच्या आजच्या मूल्यातून भांडवल वजा करून निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही काढा. ज्या दराने हे एनपीव्ही शून्य होतं तो अंतर्गत परतावा दर, म्हणजे आयआरआर, इंटरपोलेशनने काढा. कोणता प्रकल्प घ्यावा ते सांगा. विद्यार्थी दोन्ही काढतो आणि थबकतो, कारण एक पद्धत पहिल्या प्रकल्पाला वर ठेवते, दुसरी दुसऱ्याला. आपली बेरीज चुकली असं त्याला वाटतं. बेरीज बरोबर असते.

हा मतभेद कुठून आला ते पाहायचं तर आधी दर शोधण्याच्या गणिताकडे जावं लागतं, आणि ते फार जुनं आहे. आर्यभटाने 499 साली आर्यभटीयाच्या गणितपादात एक रीत दिली आहे. टीकाकारांचं उदाहरण असं : 100 ची रक्कम महिनाभर व्याजाने दिली. आलेलं व्याज त्याच दराने सहा महिने पुन्हा व्याजाने लावलं. ते व्याज आणि त्यावरचं व्याज मिळून 16 झाले, तर महिन्याचं व्याज किती? उत्तर 10. पहिले 10, आणि त्या 10 वर सहा महिन्यांचे 6. इथे दर माहीत नाही, रकमा माहीत आहेत, आणि समीकरण वर्गसमीकरण होतं. वर्गमूळ काढलं की दर हातात येतो. आयआरआरचा प्रश्नही याच घराण्यातला आहे.

अडचण वर्षं वाढली की सुरू होते. तीन वर्षांच्या प्रकल्पात समीकरण तिसऱ्या घाताचं होतं, आणि पाचव्या घातापासून पुढे तर सर्वसाधारण सूत्रच असू शकत नाही हे नॉर्वेच्या आबेल या गणितज्ञाने 1824 साली सिद्ध केलं. म्हणून दर थेट काढता येत नाही, तो अंदाजाने गाठावा लागतो. एक दर धरायचा, वर्तमान मूल्य काढायचं, दुसरा दर धरायचा, पुन्हा काढायचं.

या कामाला कोष्टकं हवीत, आणि ती युरोपात 1582 साली गणितज्ञ सिमोन स्टेव्हिनने अँटवर्पमध्ये छापून खुली केली. त्याआधी व्याजाची कोष्टकं बहुतांशी सावकारी पेढ्यांच्या कपाटात हस्तलिखित रूपात दडलेली असत. स्टेव्हिनने दोन प्रस्तावांची तुलना कशी करायची हेही सांगितलं होतं : दोघांचं आजचं मूल्य काढा, फरक पाहा, तेवढ्याने एक दुसऱ्यापेक्षा फायद्याचा. हा आजचा एनपीव्हीचाच नियम आहे. म्हणजे तुलना करण्याची रीत म्हणून रक्कम आधी आली. दराने निवड करण्याची सवय नंतरची.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. दोन योजना, प्रत्येकीत आज 10 लाख रुपये घालायचे. पहिलीला ‘लवकर’ म्हणू : ती तीन वर्षांत अनुक्रमे 6, 5 आणि 2 लाख देते. दुसरीला ‘उशिरा’ म्हणू : ती 1, 4 आणि 9.5 लाख देते. भांडवलाचा खर्च, म्हणजे आपल्याला पैसा ज्या दराने मिळतो तो, 10 टक्के. त्या दराने ‘लवकर’चं एनपीव्ही 1,08,941 रुपये येतं आणि ‘उशिरा’चं 1,35,237. रक्कम ‘उशिरा’च्या बाजूने आहे.

आता ‘उशिरा’चा आयआरआर. 20 टक्के धरून पाहिलं तर तिचं एनपीव्ही उणे 89,120 होतं. म्हणजे 10 ते 20 या दहा टक्क्यांत मूल्य 2,24,357 रुपयांनी उतरलं. आपल्याला शून्यापर्यंत उतरायचं आहे, म्हणजे 1,35,237 रुपये. 2,24,357 ला 10 टक्के, तर 1,35,237 ला किती? हे शाळेतलं त्रैराशिक आहे, आणि इंटरपोलेशन म्हणजे याहून वेगळं काही नाही. उत्तर येतं 10 अधिक 6.03, म्हणजे 16.03 टक्के.

पण त्रैराशिक गृहीत धरतं की मूल्य सरळ रेषेत उतरतं. प्रत्यक्षात ते वक्राने उतरतं : सुरुवातीला भराभर, मग सावकाश. त्यामुळे दोन टोकांना जोडणारी सरळ रेषा वक्राच्या वरून जाते आणि शून्याला उशिरा पोचते. आधी पैसे घालायचे आणि नंतर फक्त मिळवायचे असा प्रकल्प असेल, तर त्रैराशिकाचा दर खऱ्या दरापेक्षा नेहमी थोडा जास्तच येतो. ‘उशिरा’साठी 15 आणि 16 टक्के असे जवळचे दर घेतले, तर मूल्यं 14,054 आणि उणे 7,903 येतात, आणि दर 15.64 ठरतो. पहिल्या उत्तरात जवळपास 0.4 टक्क्याची सूज होती. ही सूज निरुपद्रवी नाही. समजा कंपनीची अट किमान 16 टक्क्यांची आहे. लांबच्या दोन दरांतून काढलेलं 16.03 अट पार करतं, पण 16 टक्क्यांनी मोजलेलं एनपीव्ही उणे आहे, म्हणजे योजना अटीत बसतच नाही. म्हणून माझा वर्गातला आग्रह असतो की त्रैराशिकाचं उत्तर आलं की थांबू नये. तो दर घालून एनपीव्ही पुन्हा काढावं. ते स्पष्ट उणे आलं तर दर फुगलेला आहे, आणि दोन बाजूंनी आणखी जवळ यायला हवं.

याच काळजीने ‘लवकर’चा दर काढला तर 17 टक्क्यांना मूल्य 2,951 आणि 18 टक्क्यांना उणे 10,707. दर 17.22 टक्के. तर दर म्हणतो ‘लवकर’ बरी, 17.22 विरुद्ध 15.64. रक्कम म्हणते ‘उशिरा’ बरी. आकडे काटेकोर केले तरी मतभेद तसाच राहतो. इंटरपोलेशनचा यात दोष नाही.

या ठिकाणी इतिहासातलं नाव येतं अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आयर्व्हिंग फिशरचं. फिशरने 1907 साली आणि पुन्हा 1930 साली गुंतवणुकीची निवड मांडताना नेहमी दोन पर्याय समोरासमोर ठेवले. एक सोडून दुसरा घेतला तर सुरुवातीला किती गमावतो आणि पुढे किती मिळवतो, या फरकावरचा दर तो मोजत असे. दर हा दोघांमधला असे, एकट्याचा नसे.

1935 साली अर्थशास्त्रज्ञ केनेथ बोल्डिंगने ‘अंतर्गत परतावा दर’ ही कल्पना मांडली, आणि त्याच्या लेखाचा विषयच एकट्या गुंतवणुकीचा होता. पुढच्याच वर्षी केन्सने भांडवलाची सीमांत कार्यक्षमता अशीच मांडली : ज्या वटाव दराने यंत्राच्या पुढच्या मिळकतीचं आजचं मूल्य त्याच्या किमतीइतकं होतं, तो दर. आणि त्याने म्हटलं की फिशरला हेच म्हणायचं होतं. माझ्या मते गोंधळाचं मूळ इथे आहे. फिशरचा दर दोन प्रकल्पांच्या नात्याचा होता, केन्सचा एका प्रकल्पाच्या पोटातला. दोघांना एकच नाव मिळालं आणि लोक प्रत्येकाचा पोटातला दर काढून ते दरच एकमेकांशी ताडू लागले. आर्मेन अल्चियनने 1955 साली हा फरक स्पष्ट दाखवून दिला : केन्सचा दर आणि फिशरचा दर एक नाहीत, आणि प्रकल्पांचा क्रम लावायला पहिला पुरेसा नाही.

फिशरची रीत आपल्या दोन योजनांना लावू. ‘उशिरा’मधून ‘लवकर’ वजा करा. आज फरक शून्य. पहिल्या वर्षी 5 लाख कमी, दुसऱ्या वर्षी 1 लाख कमी, तिसऱ्या वर्षी 7.5 लाख जास्त. म्हणजे ‘उशिरा’ निवडणारा माणूस ‘लवकर’वाल्याच्या तुलनेत पहिल्या दोन वर्षांत 6 लाख मागे ठेवतो आणि तिसऱ्या वर्षी 7.5 लाख घेतो. या फरकाचा दर काढायला कोष्टकही लागत नाही. वाढीचा गुणक x धरला तर समीकरण होतं :

5x² + x = 7.5

हे वर्गसमीकरण आहे, आर्यभटाच्या गणितासारखंच, आणि वर्गमूळाने सुटतं. x येतो 1.1288, म्हणजे दर 12.88 टक्के. याच दराला दोन्ही योजनांचं एनपीव्ही सारखं होतं. त्याखाली ‘उशिरा’ वरचढ, त्याच्या वर ‘लवकर’. 15 टक्क्यांवर तपासून पाहा : ‘लवकर’ सुमारे 31,300, ‘उशिरा’ 14,054. क्रम उलटला.

आता मतभेदाचं कारण उघड दिसतं. ‘उशिरा’चे पैसे लांब आहेत, म्हणून दर वाढला की तिचं मूल्य जास्त जोराने घसरतं. तिचा आयआरआर कमी येतो, कारण तो 15-17 टक्क्यांच्या उंचीवर मोजला जातो. आपल्याला मात्र पैसा 10 टक्क्यांनी मिळतो आहे. ‘लवकर’ घेतली तर पहिल्या वर्षी जास्तीचे 5 लाख मोकळे होतात. ते 12.88 टक्क्यांपेक्षा जास्त दराने दुसरीकडे लावता येत असतील तरच ‘लवकर’ घेण्यात अर्थ. 10 टक्क्यांनीच लावता येणार असतील तर 7.5 लाखांची वाट पाहणं परवडतं. प्रश्न फक्त वेळेचाच नसतो, आकाराचाही असतो. 1 लाखावर 50 टक्के आणि 10 लाखांवर 25 टक्के, यात दर पहिल्याचा मोठा पण वर्षाची मिळकत 50 हजार विरुद्ध अडीच लाख. तिथेही तेच करायचं : जादाच्या 9 लाखांवर जादाचे 2 लाख, म्हणजे 22 टक्के, आणि त्या 22 ची तुलना भांडवलाच्या खर्चाशी.

अल्चियनच्या त्याच 1955 साली शिकागोच्या जेम्स लोरी आणि लेनर्ड सॅव्हेज यांनी आणखी एक अडचण दाखवली. एका विहिरीत तेलाचा पंप बसलेला आहे. तो दोन वर्षं दरवर्षी 10,000 डॉलर देईल. 1,600 डॉलर घालून मोठा पंप बसवला तर सगळं तेल एकाच वर्षात निघेल आणि 20,000 मिळतील. फरकाचा प्रवाह होतो : उणे 1,600, अधिक 10,000, उणे 10,000. चिन्ह दोनदा बदलतं, आणि दर दोन निघतात, 25 टक्के आणि 400 टक्के. इंटरपोलेशन करणाऱ्याला इथे सावध व्हावं लागतं, कारण 20 टक्क्यांना मूल्य उणे 211 आहे आणि 30 टक्क्यांना अधिक 175. दर वाढतो तसं मूल्य चढतं, नेहमीच्या उलट. त्रैराशिकाने तुम्ही 25 च्या जवळ पोचाल, पण 400 चा दर डोळ्यांआड राहील, आणि 10 टक्क्यांचं भांडवल असेल तर मोठा पंप तोट्याचा आहे हे दोन्ही दरांतून कळत नाही. एनपीव्ही ते सरळ सांगतं : उणे 774 डॉलर.

संगणकानेही ही अडचण मिटलेली नाही. एक्सेलमध्ये `=IRR(B2:B5)` लिहिलं की तो 10 टक्क्यांच्या अंदाजापासून सुरुवात करतो आणि वीस फेऱ्यांत उत्तर जमलं नाही तर `#NUM!` दाखवतो. दोन दर असतील तर एकच दाखवतो, आणि कोणता ते सुरुवातीच्या अंदाजावर ठरतं. दोन योजनांची तुलना करायची असेल तर माझे विद्यार्थी एक वेगळा रकाना करतात, त्यात दोन प्रवाहांची वजाबाकी लिहितात, चिन्ह किती वेळा बदलतं ते मोजतात, आणि IRR त्या रकान्यावर लावतात. आपल्या उदाहरणात त्या रकान्यात 0, -5, -1, 7.5 आहे, आणि खाली 12.88 टक्के.