उत्तरतालिकेवरील आक्षेप

संगणकाधारित वस्तुनिष्ठ परीक्षा झाल्यावर, पण निकाल लागण्यापूर्वी, परीक्षा घेणारी संस्था प्रत्येक प्रश्नाचे तिच्या मते बरोबर असलेले उत्तर जाहीर करते. ही तात्पुरती उत्तरतालिका होय. ठरलेल्या मुदतीत उमेदवार तिच्यावर हरकत घेऊ शकतो. हरकतींचा निवाडा विषयतज्ज्ञ करतात आणि त्यानंतर अंतिम उत्तरतालिका निघते. निकाल या दुसऱ्या तालिकेवरूनच लावला जातो.

भारतात ही पद्धत कोठून आली याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार तिचे मूळ कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या खटल्यात आहे. 1982 साली उत्तर प्रदेशातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी झालेल्या परीक्षेत विद्यापीठाने निकालाबरोबर उत्तरेही प्रसिद्ध केली. त्यांतील काही उत्तरे चुकीची असल्याचे विद्यार्थ्यांनी दाखवून दिले. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय 1983 मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी लिहिला. उत्तरतालिका बरोबर आहे असेच गृहीत धरावे, शंका असेल तर तालिकेच्या बाजूने कौल द्यावा. मात्र चूक निःसंशय सिद्ध झाली तर विद्यार्थ्याला तिची शिक्षा होऊ नये, असा त्याचा आशय आहे. उत्तरांची पूर्वतपासणी करावी आणि संशयास्पद प्रश्न वगळावा, असेही न्यायालयाने सुचविले. दुसरे मत या पद्धतीचा उगम 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात पाहते. तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’च आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात ठरविले. त्यानंतर उत्तरे दडवून ठेवणे कठीण झाले, असे या मताचे म्हणणे आहे.

पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, पण ते पुरते नाही. 1983 च्या प्रकरणात उत्तरे निकालासोबत आली होती. निकालाआधीचा ‘तात्पुरता’ टप्पा, त्यातील हरकतीची खिडकी आणि दर प्रश्नामागे शुल्क यांपैकी काहीच तेथे नव्हते. आजचे रूप बहुधा संगणकाधारित परीक्षेनेच घडविले. प्रत्येक उमेदवाराने नोंदविलेले उत्तर यंत्रात जसेच्या तसे असल्याने ते त्याला त्याच्या लॉगिनमध्ये दाखविणे सोपे झाले. राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या (एनटीए) 2018 च्या अखेरीपासूनच्या परीक्षांमुळे हे रूप देशभर परिचित झाले.

जेईई मेन या परीक्षेत उमेदवाराला दोन गोष्टी मिळतात : त्याचे प्रतिसादपत्र आणि उत्तरतालिका. संगणकावर पर्यायांचा क्रम उमेदवारागणिक बदलू शकतो. त्यामुळे तालिकेत ‘ब’ किंवा ‘3’ असे उत्तर नसते, तर प्रश्नाचा Question ID आणि त्यापुढे बरोबर पर्यायाचा Option ID असतो. हे लांबलचक क्रमांक प्रतिसादपत्राशी अंक न् अंक ताडून पाहावे लागतात. निवडलेला पर्याय तेथे पडद्यावरील क्रमाने दिलेला असतो, म्हणून आधी त्या क्रमाचा Option ID शोधायचा आणि मग तालिकेकडे वळायचे. घाईत पर्यायाचा क्रमांकच तालिकेशी जुळविणे ही नेहमी होणारी गफलत आहे. तिच्यापायी बरोबर उत्तर चुकीचे वाटते आणि पैसे वाया जातात. पुढे, उमेदवाराच्या मते बरोबर असलेल्या एका किंवा अधिक पर्यायांवर खूण करायची, आधाराची कागदपत्रे एका पीडीएफमध्ये जोडायची आणि शुल्क भरायचे. शुल्क भरल्याशिवाय हरकत विचारात घेतली जात नाही.

आधार कोणता दिला यावर पुष्कळ अवलंबून असते. पाठ्यपुस्तकाचे पान जोडताना आवृत्तीचे वर्षही पाहावे लागते, हे 2024 च्या नीट प्रकरणात ठळकपणे दिसले. (नीट ही कागदावरील परीक्षा, पण हरकतीची रीत तीच.) भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात ‘प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात व स्वतःचा वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात’ असे विधान होते. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे ते बरोबर ठरत होते. किरणोत्सारी मूलद्रव्ये लक्षात घेता ते चूक. हरकतींनंतर एनटीएने दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठापुढे गेले. पीठाने दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांचे मत मागविले आणि 23 जुलै 2024 रोजी एकच उत्तर ग्राह्य धरले. पूर्ण 720 गुण मिळविणाऱ्या 67 जणांपैकी 44 जणांचे ते गुण या एका प्रश्नावर उभे होते.

हरकत मान्य झाली की लाभ फक्त हरकत घेणाऱ्याला मिळत नाही. सुधारित तालिका सर्वांना लागू होते. जेईई मेनमध्ये एकाहून अधिक पर्याय बरोबर ठरले तर त्यांपैकी कोणताही निवडणाऱ्याला चार गुण मिळतात. प्रश्नच सदोष ठरून वगळला गेला तर तो न सोडविणाऱ्यालाही चार गुण मिळतात. याचा परिणाम वरवर दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. एकाच सत्रातील तीन उमेदवार घेऊ. पहिल्याने तात्पुरत्या तालिकेप्रमाणे बरोबर उत्तर दिले व त्याचे एकूण गुण 180 आहेत. दुसऱ्याने प्रश्न सोडून दिला, त्याचे 178. तिसऱ्याचे उत्तर चुकले, त्याचा एक गुण कापला जाऊन 176 झाले. प्रश्न वगळला की पहिला 180 वरच राहतो, दुसरा 182 वर जातो आणि तिसऱ्याचा कापलेला गुण परत येऊन वर चार मिळाल्याने तो 181 वर पोहोचतो. सर्वांत पुढे असलेला सर्वांत मागे पडतो. पर्सेंटाइल त्या सत्रातील तुलनेवरच काढले जात असल्याने, एकही चूक न केलेल्या उमेदवाराचे पर्सेंटाइलही घसरू शकते. म्हणून ‘प्रश्न रद्द करा’ आणि ‘माझा पर्यायही बरोबर धरा’ या मागण्यांत मोठा फरक आहे. दुसरी मागणी पुराव्याने सिद्ध होत असेल तर तीच करणे न्याय्य होय.

शुल्काचे दर एकसारखे नाहीत. एनटीए सुरुवातीला दर प्रश्नामागे 1,000 रुपये घेत असे, पुढे ते 200 झाले. जेईई मेनमध्ये ते परत मिळत नाहीत. कर्मचारी निवड आयोगाने 100 रुपयांचे शुल्क 2025 मध्ये 50 वर आणले. रेल्वे भरती मंडळे 50 रुपये व बँक आकार घेतात आणि हरकत बरोबर ठरल्यास शुल्क परत करतात. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाने एमएचटी-सीईटीसाठी दर हरकतीमागे 1,000 रुपये घेतले आहेत. निरर्थक हरकतींना आळा बसावा हे शुल्काचे समर्थन समजण्यासारखे आहे. परंतु चूक परीक्षकाची असताना ती दाखविणाऱ्याने पैसे गमवावेत, हे पटत नाही. रेल्वेची रीत अधिक रास्त आहे. एकाच प्रश्नावर शेकडो जणांनी स्वतंत्रपणे पैसे भरले, तरी निर्णय प्रश्नाचा होतो, हरकतींच्या संख्येचा नव्हे.

तज्ज्ञांनी काय विचार केला हे उमेदवाराला सहसा कळत नाही. एनटीए हरकत मान्य झाली की नाही हे व्यक्तिशः कळवीत नाही. दोन्ही तालिका शेजारी ठेवूनच ते शोधावे लागते. न्यायालयाची वाटही अरुंद आहे. उत्तर प्रदेशातील शिक्षकभरतीच्या रणविजय सिंह प्रकरणात (2017) सर्वोच्च न्यायालयाने, न्यायाधीशांनी स्वतः उत्तरे तपासू नयेत आणि शंकेचा फायदा परीक्षा संस्थेला द्यावा, असे बजावले. बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षांत तर अनेक वर्षे उत्तरतालिकाच प्रसिद्ध होत नसे, त्यामुळे तेथे हा टप्पा अस्तित्वात नव्हता.