गाढ झोप वेगळी, स्वप्नांची झोप वेगळी

“रात्रभर स्वप्नंच पडत होती, झोप अशी लागलीच नाही.” अंबड एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारे आमच्या सिडकोतले एक काका हे वरचेवर म्हणतात. त्यांच्या मते स्वप्नं पडली म्हणजे झोप कच्ची झाली. त्यांच्या घरात उलटं मानणारेही आहेत: स्वप्न पडलं म्हणजे झोप एकदम गाढ लागली होती. दोघांच्याही मनात दोन वेगळ्या झोपा एक झाल्या आहेत.

झोप लागल्यावर आपण आधी हलक्या झोपेत असतो आणि साधारण अर्ध्या तासात गाढ झोपेत उतरतो. त्या वेळी मेंदूचा आलेख काढला तर सेकंदाला एखाद-दुसरी अशी संथ, उंच लाट दिसते. श्वास आणि नाडी संथ, एका लयीत चालतात. रिक्षातून उचलून घरात आणून निजवलं तरी लहान पोर जागं होत नाही, ते याच झोपेमुळे. वाढीच्या संप्रेरकाचा रात्रीतला मोठा स्राव पहिल्या गाढ झोपेच्या सुमारासच होतो.

सुमारे दीड तासानं पहिली स्वप्नांची झोप येते, जेमतेम पाच-दहा मिनिटांची. १९५३ साली शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी बंद पापण्यांखाली बुबुळं झरझर फिरताना टिपली, तीच ही झोप. डॉक्टर तिला रेम म्हणतात. तिच्यात मेंदूचा आलेख जवळजवळ जागेपणीसारखा दिसतो, श्वास कमीजास्त होतो आणि हातापायांचे स्नायू मात्र पूर्ण सैल पडलेले असतात. स्वप्नं थोडीफार इतर झोपेतही पडतात, पण लांबलचक, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक इथली.

दीड तासाचं असं चक्र रात्रीत चार-पाचदा फिरतं, पण प्रत्येक फेरी सारखी नसते. गाढ झोप बहुतेक सगळी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत उरकते. पहाटेकडे ती जवळपास संपते आणि स्वप्नांची झोप अर्ध्या-अर्ध्या तासाची होते. त्यामुळे पहाटे स्वप्नातून जाग आली आणि ते आठवलं, तर त्यावरून जाग कुठल्या झोपेतून आली एवढंच कळतं. आधीची गाढ झोप झाली होती की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

या दोन झोपांना ओढणारी कारणंही निराळी आहेत. गाढ झोप जागरणाच्या हिशेबानं येते. जितके तास जागे राहाल तितकं मेंदूत अडेनोसिन नावाचं झोप आणणारं द्रव्य साचतं आणि तितकी गाढ झोप खोल लागते. स्वप्नांच्या झोपेवर शरीराच्या घड्याळाचा जोर जास्त. अंगाचं तापमान सर्वांत खाली जातं त्या पहाटेच्या सुमारास ती भरात असते.

आता काकांचा दिवस पाहा. साडेपाचला उठणं, साडेतीनला पाळी सुटणं, घरी येऊन जेवण, मग सहा ते साडेसात झोप. उठल्यावर डोकं जड, म्हणून कडक चहा. रात्री अकराला अंथरूण. संध्याकाळच्या त्या दीड तासात त्यांना गाढ झोप लागते. जडपणा हीच तिची खूण, कारण गाढ झोपेतून मध्येच उठलं की पंधरा-वीस मिनिटं तरी डोकं बधिर राहतं. म्हणजे रात्रीसाठी साचलेलं बरंचसं अडेनोसिन तिथेच उतरलं. अकराला ते निजतात तेव्हा जागून साडेतीनच तास झालेले असतात. शिवाय साडेसातच्या चहातलं अर्ध्याहून जास्त कॅफिन अजून अंगात असतं, आणि कॅफिन अडेनोसिनलाच अडवतं. मग रात्रीच्या पहिल्या फेऱ्यांतली गाढ झोप तुटपुंजी होते, स्वप्नांची झोप मात्र नेमानं येते आणि साडेपाचचा गजर ऐन तिच्यात वाजतो. काकांना आठवतात ती स्वप्नं. सकाळचं अंग मोडून येणं त्या स्वप्नांमुळे नाही, गाढ झोप अपुरी पडल्यामुळे आहे.

मी त्यांना सांगितलं, डुलकी घ्यायचीच तर चारच्या आसपास, गजर लावून वीस मिनिटं. तेवढ्यात गाढ झोप सहसा सुरू होत नाही आणि रात्रीचा साठा शाबूत राहतो. चहाही तेव्हाच.

वयाचा भाग आहेच. गाढ झोप विशीनंतर हळूहळू कमी होत जाते, त्यामुळे पन्नाशीत तरुणपणीसारखी झोप लागणार नाही. मनगटावरच्या घड्याळात दिसणाऱ्या गाढ झोपेच्या मिनिटांनीही घाबरू नये. ते मेंदूच्या लाटा मोजत नाही, हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं.

एक गोष्ट मात्र काकूंना विचारायला हवी: काका मोठ्यानं घोरतात का, आणि मध्येच श्वास थांबून दचकतात का? तसं असेल तर घशातली वाट बंद होऊन झोप रात्रभर तुटते आहे. डुलकी बदलून तिथे भागणार नाही, छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून झोपेची तपासणी करून घ्यावी लागेल.