पहाटेचं विमान वेळेवर, संध्याकाळचं लेट, असं का?

मुंबईहून संध्याकाळी सातची फ्लाइट तासभर लेट झाली की लोक काउंटरवर जाऊन भांडतात, पण खरं कारण बहुतेक वेळा सकाळीच कुठेतरी घडून गेलेलं असतं. देशातल्या देशात उडणारं छोटं जेट दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं, म्हणजे तुमची सातची फ्लाइट ही त्याच विमानाची पाचवी किंवा सहावी फेरी असते.

एक दिवस धरून चालू. विमान रात्री मुंबईतच मुक्कामाला होतं, सकाळी ६ ला सुटलं, ८:१५ ला दिल्लीत वेळेवर पोचलं. आता ४० मिनिटांत माणसं उतरणार, साफसफाई, इंधन, सामान, नवीन माणसं बसणार. घाई केली तरी यातली जेमतेम पाच मिनिटंच वाचतात. दिल्लीत सामान चढवायला उशीर झाला, १५ मिनिटं गेली. मुंबईत आल्यावर रांग. इथले दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात, आणि विमान आकाशात घिरट्या घालत बसतं, अजून १५ गेली. झाला अर्धा तास. पुढच्या थांब्यावर पाच मिनिटं भरून काढली पण बेंगळुरूला दुपारचं वादळ आलं की परत वीस वाढली, असं करत सातपर्यंत पाऊण तासाच्या वर सहज जातं.

मग कधीतरी लवकर पोचून हिशोब बरोबर का होत नाही? कारण विमान दहा मिनिटं आधी पोचलं तरी पुढची फ्लाइट साधारण तिच्या वेळेलाच सुटते, प्रवासी तर यायला हवेत ना! म्हणजे लवकर पोचण्याचा फायदा तिथेच संपतो, उशीर मात्र पुढे सरकत राहतो. वेळापत्रकात थोडी जास्तीची मिनिटं घातलेली असतात, पण फार घालता येत नाहीत, विमान जमिनीवर उभं राहिलं की कमाई बंद. त्यात पायलट आणि क्रूच्या ड्युटीच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे, उशीर फारच वाढला तर ती संपते आणि दुसरा क्रू शोधत बसा.

रात्री विमान चार-पाच तास उभं राहतं तेव्हा ही सगळी उधारी पुसली जाते. म्हणून पहिली फेरी कोरी असते. मात्र विमान रात्री तिथेच मुक्कामाला असलं पाहिजे. तुमची सकाळी ९ ची फ्लाइट दुसऱ्या शहरातून येणाऱ्या विमानाची असेल तर ती पहिली फेरी नाहीच. फ्लाइट ट्रॅकर अॅपमध्ये VT- ने सुरू होणारा विमानाचा नंबर दिसतो, त्यावरून विमान आत्ता कुठे आहे ते बघा, बोर्डावर ऑन टाइम लिहिलेलं असलं तरी.

आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला जाताना हे सगळं उलटं होतं बरं का. धुकं नेमकं पहाटेच दाट असतं, त्या दिवसांत मी तरी दुपारची फ्लाइट घेतो.